एकास चार

ज्या माणसानं मला गणित शिकवलं, त्याच्यावर माझा आजही राग आहे. तो वाईट शिकवत होता असं मी म्हणणार नाही. उलट, फार चांगला शिकवायचा, म्हणूनच राग जास्त आहे.

ही धुळ्याची गोष्ट. कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा क्लास होता. बँकेच्या क्लार्कची परीक्षा देणारी आम्ही मुलं-मुली तिथं गर्दी करून बसायचो. खालून मांजरपाटाचा आणि खळीचा वास यायचा, वर खडूची धूळ. सरांच्या हातात कायम एक स्टॉपवॉच असे. कुणी गणित सोडवायला उभं राहिलं की ते कट्‌कन बटण दाबत आणि आमच्याकडे बघायचं सोडून त्या काट्याकडे बघत बसत. गणित बरोबर आलं तरी उशीर झाला तर हसत. हसायचे तेही असं, की पुढच्या बाकावरच्यांनाही हसावंच लागे.

मी मूळची पिंपळनेरची. धुळ्याला मोठ्या बहिणीकडे, आक्काकडे राहायला आले होते. भाऊजींनी स्पष्ट सांगितलं होतं, एक परीक्षा बघू, नाही जमलं तर घरी. घरी माझ्यासाठी काय ठेवलं होतं तेही ठरलेलं होतं. गावच्या बालवाडीत मदतनीसाची जागा रिकामी होती, वडील सरपंचाला भेटूनही आले होते. बालवाडीत काही वाईट नाही. पण मी बी.कॉम. झाले ते खिचडी वाटायला नव्हे.

क्लासची एक खास तुकडी होती. चाचणी परीक्षा घेऊन सर वीस जण निवडत, आणि त्या वीस जणांना मुलाखतीची तयारी करून देत. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब येऊन खुर्चीत बसत, प्रश्न विचारत, बसावं कसं, बोलावं कसं ते शिकवत. लेखी परीक्षा मी घरी बसूनही काढली असती. पण मुलाखत? आमच्या घरात तोवर कुणी टेबलापलीकडच्या माणसाशी इंग्रजीत एक वाक्य बोललेलं नव्हतं. मला ती विसातली एक जागा हवी होती. दुसरं काहीही नको होतं.

चाचणीत मिश्रणावरची गणितं येणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती सरांची लाडकी. सर फळ्यावर मोठी फुली काढत. वर डावीकडे स्वस्त मालाचा भाव, उजवीकडे महाग मालाचा, मधोमध मिश्रणाचा. मग तिरक्या रेषेनं वजाबाकी करायची. महागातून मधला वजा केला की तो स्वस्ताचा वाटा, मधल्यातून स्वस्त वजा केला की तो महागाचा वाटा. वीस टक्के आम्लाचं द्रावण आणि पन्नास टक्क्यांचं द्रावण मिसळून तीस टक्क्यांचं हवं असेल, तर पन्नासातून तीस गेले वीस, तिसातून वीस गेले दहा, म्हणजे दोनास एक. दोन भाग पातळ, एक भाग जहाल. बीजगणिताची पानंभर कसरत एका फुलीत संपायची. मला ती फुली फार आवडायची, हे कबूल करायला हरकत नाही.

पण सरांना वेगाचं वेड. ते म्हणायचे, "मिश्रणाच्या गणितात तीन आकडे शोधा. दोन वर, एक मध्ये. बाकी सगळा फापटपसारा. वाचत बसाल तर बसाल." आणि आमची मुलं तीन आकडे शोधायची. डोळे मिटून शोधायची. क्लासमध्ये ती एक रीतच पडून गेली होती, पेन्सिलीनं आकड्यांना गोल करायचे आणि शब्दांवर काट मारायची.

चाचणीत प्रश्न असा होता. सात रुपये किलोचा तांदूळ आणि बारा रुपये किलोचा तांदूळ कोणत्या प्रमाणात मिसळावा, म्हणजे मिश्रण अकरा रुपये किलोनं विकल्यावर दहा टक्के नफा होईल?

मी शब्दांवर काट मारली नाही. अकरा हा विकायचा भाव आहे, खरेदीला पडलेला भाव नाही. दहा टक्के नफा घेऊन अकरा येतात, म्हणजे मिश्रण दहा रुपयांना पडलं पाहिजे. फुलीच्या मध्ये दहा. बारातून दहा गेले दोन, दहातून सात गेले तीन. दोनास तीन. मी उत्तर लिहिलं आणि पुढे गेले.

यादी लागली तेव्हा माझं नाव एकविसावं होतं. विसाव्या मुलाचा आणि माझा फरक एका गुणाचा. पेपर परत मिळाला तर तांदळाच्या गणितावर लाल फुली. शेजारी सरांच्या अक्षरात उत्तर, एकास चार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी अकरा मध्ये ठेवले होते. बारातून अकरा एक, अकरातून सात चार. स्वतःचे तीन आकडे स्वतःच शोधले होते.

मी वर्गात उभी राहिले. "सर, या गणिताचं उत्तर दोनास तीन आहे."

"वेळ संपल्यावर सगळ्यांनाच गणित येतं," सर म्हणाले. वर्ग हसला.

"मी वेळेतच लिहिलंय, सर. पडताळा करून दाखवू?"

"इथं पडताळा नसतो. इथं पद्धत असते."

मी विचारायचं सोडलं आणि फळ्यापाशी गेले. त्यांचंच उत्तर आधी घेतलं. एक किलो सातवाला, त्याचे सात. चार किलो बारावाला, त्याचे अठ्ठेचाळीस. पाच किलोला पंचावन्न रुपये लागले. पाच किलो अकराच्या भावानं विकले, पंचावन्न आले. मग खाली माझं उत्तर. दोन किलोचे चौदा, तीन किलोचे छत्तीस, मिळून पन्नास. विकले पंचावन्नला. पन्नासावर पाच, म्हणजे दहा टक्के. "सर, तुमच्या उत्तरात नफा कुठं आहे?" मी विचारलं.

कुणी हसलं नाही. सरांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. त्यांना कळलं होतं. मी चार पावलांवर उभी होते, त्यांचा चेहरा मी बघितला आहे. त्यांना कळलं होतं.

आणि मग ते म्हणाले, "तुला कशाला एवढी चिंता? तुमच्यासाठी राखीव जागा आहेत की."

आम्ही बौद्ध, हे माझ्या आडनावावरून सगळ्या वर्गाला माहीत होतं. पण तोवर कुणी तोंडावर काढलं नव्हतं. नफ्याच्या प्रश्नाला हे उत्तर! मी म्हणाले, "राखीव जागेच्या पेपरातही तांदळाचा भाव तोच असतो, सर." माझा आवाज कापत होता, त्याचा मला अजून संताप येतो.

"पेपर पुन्हा तपासले जाणार नाहीत. बस."

विसावा आलेला मुलगा माझ्या मागच्याच बाकावर होता. त्यानं एकास चार लिहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "यादी लागी गयी ना, आते बोलीसन काय उपेग?" मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्यानं वहीत मान घातली. वीस जणांतला एकही माझ्या बाजूनं उठला नाही. त्यांतल्या निम्म्यांना तरी माझा पडताळा पटला होता, नाहीतर फळा पुसायच्या आधी तो वहीत उतरवून घेतला नसता.

घरी आक्काला सांगितलं तर सगळ्या वर्गासमोर बोलले म्हणून ती माझ्यावरच उखडली. "तू गप का बसनी नही? मोठा माणूसले बठ्ठास्ना समोर कोणी आसं बोलस का?" भाऊजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मला त्यांच्या त्या पान उलटण्याचाही राग आला.

आठवडाभरानं मी पुन्हा क्लासला गेले. विनवणी करायला नाही, विचारायला. चूक झाली असेल तर एकविसावी खुर्ची टाकायला त्यांचं काय जात होतं? संध्याकाळची वेळ होती, खास तुकडी बसलेली. जिन्यातच सरांचा आवाज ऐकू आला.

"नीट लक्ष द्या. इथं बहुतेक पोरं आपटतात. विकायचा भाव कधीही फुलीत ठेवायचा नाही. आधी नफा काढून टाका, पडलेला भाव काढा, मग फुली. आणि शंका आली तर पडताळा. दोन किलोचे चौदा, तीन किलोचे छत्तीस, पन्नास. विकले पंचावन्नला. ही माझी युक्ती लिहून ठेवा, कुठल्या पुस्तकात मिळायची नाही."

मी दारात जाऊन उभी राहिले. फळ्यावर फुली होती, मध्ये दहा, आणि खाली जाड अक्षरात दोनास तीन. वीस माना खाली, वीस पेनं चालू. निवृत्त साहेब खिडकीपाशी खुर्चीत बसून चहा पीत होते.

"सर, मग माझी जागा?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू खालच्या दुकानातलं कुणी चुकून वर आलंय. "वर्ग चालू आहे," ते म्हणाले. "बाहेर थांबा." आठवड्यापूर्वी मी 'तू' होते, आता 'तुम्ही' झाले होते. ओळख नसलेल्याला म्हणतात ते 'तुम्ही'.

मी आत गेले. डस्टर शोधत बसले नाही. तळहातानंच दोनास तीन पुसून टाकलं, चांगलं रगडून पुसलं. "आता तुमचं लिहा, सर," मी म्हणाले. "एकास चार. ज्यावर ही यादी लावलीत ते."

साहेबांचा चहा हातातच राहिला. मला वाटलं होतं, आता सर ओरडतील, धक्के मारून काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सरांनी खडू उचलला, मी पुसलं होतं नेमकं त्याच जागी पुन्हा दोनास तीन लिहिलं, आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "चला. पुढचं गणित."

वीस जणांनी पान उलटलं.

लेखी परीक्षा मी पास झाले. मुलाखत जळगावला होती. टेबलापलीकडच्या माणसानं इंग्रजीत विचारलं, स्वतःविषयी सांगा, आणि मी माझं गाव सांगून थांबले. पुढं काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ते ज्या खोलीत शिकवत होते, तिथं माझी खुर्ची नव्हती. दिवाळीनंतर मी पिंपळनेरच्या बालवाडीत खिचडी वाटत होते.