दहापैकी चार मिळालेला निबंध

अध्यापक विद्यालयात मूल्यमापनाचा तास माझ्याकडे आला, तेव्हा मला शाळेत शिकवणं सोडून सात-आठ वर्षं झाली होती. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी आमची इमारत. वर्गात बत्तीस प्रशिक्षणार्थी, बहुतेक अंबड-घनसावंगीकडच्या शेतकरी घरांतली मुलंमुली. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आकारिक आणि संकलित मूल्यमापनात फरक काय?"

मागून एक मुलगी उठली. "मॅडम, तोंडी काम, प्रकल्प म्हणजे आकारिक. लेखी परीक्षा म्हणजे संकलित."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "समजा सोमवारी मी दहा गुणांची लेखी चाचणी घेतली. पेपर पाहिल्यावर कळलं की निम्म्या वर्गाला हातच्याची वजाबाकी येत नाही. म्हणून मंगळवारचा धडा बदलला आणि तीच वजाबाकी काड्यांचे गठ्ठे सुटे करून पुन्हा शिकवली. ती चाचणी कोणती?"

मग खिडकीजवळचा, अंतरवालीकडचा एक मुलगा हळूच म्हणाला, "आकारिकच की. म्हंजे मॅडम, कापसाचं पान पिवळं पडून राह्यलं तर आपण बघतो आन काहीतरी करतो. काट्यावर वजन झाल्यावर मंग काय करणार? ते संकलित."

इतकं बराबर मलाही सांगता आलं नसतं. साधन कोणतं यावर ते ठरत नाही. मिळालेल्या माहितीचं पुढे काय करतो, यावर ठरतं. शिकणं चालू असताना शिकवणं सुधारायला वापरलं तर आकारिक. सत्र संपल्यावर किती आलं ते नोंदवायला वापरलं तर संकलित. दोन्ही लागतात. फक्त पहिलं न करता दुसरंच केलं, तर ते मुलाच्या काहीच कामाचं नाही.

हे सांगतानाच दुसऱ्या दिवशी कोणता निबंध वर्गात न्यायचा, ते माझं ठरलं होतं.

वीस वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी सहावीला शिकवत होते. वार्षिक परीक्षेत निबंध होता, 'आमच्या गावचा आठवडी बाजार'. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या एका मुलीनं बाजाराचं वर्णन केलंच नव्हतं. करडू विकायला आईबरोबर गेल्याची गोष्ट लिहिली होती. पूर्णविराम एक नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. करडू पुलावर अडून बसलं, भज्यांचा वास आला, घेणाऱ्यानं करडाचे दात पाहिले, असं सगळं एका दमात. शेवटी, 'येताना आईच्या हातात नुसती दोरी होती'. मी लाल पेनानं 'विषयांतर' लिहिलं आणि दहापैकी चार दिले. निकालानंतर तो पेपर पुन्हा हातात आला, तेव्हा ते वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं. मुलीला बोलवायला गेले तर घरचे तिचा दाखला काढून तिला मामाच्या गावी घेऊन गेल्ते. तिचा पेपर मी ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नाव झाकलेल्या प्रती मी वर्गात वाटल्या. "दहापैकी गुण द्या. बोलायचं नाही."

गुण फळ्यावर लिहिले. तीनपासून नऊपर्यंत सगळे आकडे होते. खिडकीजवळच्या मुलानं नऊ दिले होते आणि शेजारच्या मुलीनं तीन. दोघं भांडायलाच उठले.

"शुद्धलेखन बिलकुल न्हाई!" ती म्हणाली.

"अगं, पण वाचताना गळा दाटून आला माझा."

"गळ्याला गुण असतात का?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "दोघंही खरं बोलताय. फक्त तुम्ही दोघं वेगळ्या गोष्टी मोजताय, आणि त्या मुलीला त्यातली एकही माहीत नाही."

मग आम्ही मिळून तक्ता केला. पहिल्या प्रयत्नात त्यांनी लिहिलं: 'उत्तम, चांगले, बरे'. मी पुसून टाकलं. तुमचं बरं आणि माझं बरं एकच कसं होईल? पातळीचं वर्णन असं हवं की वहीत बोट ठेवून दाखवता येईल. आणि एका निकषात एकच गोष्ट. अक्षर आणि आशय एका ओळीत घातले की कशाचे गुण गेले ते कळत नाही. दीड तासानंतर फळ्यावर हे उरलं:

आशय. तीन गुण: विषयाशी जोडलेला प्रसंग शेवटपर्यंत टिकतो. दोन: विषय आहे, पण मध्येच सुटतो. एक: विषयाचा नुसता उल्लेख आहे.

तपशील. तीन: स्वतः पाहिलेल्या-ऐकलेल्या तीन किंवा जास्त गोष्टी. दोन: अशा एक-दोन गोष्टी. एक: कुणीही लिहील अशीच वाक्यं.

लेखननियम. तीन: चुका वाचताना अडवत नाहीत. दोन: काही ठिकाणी थांबून परत वाचावं लागतं. एक: बहुतेक वाक्यं परत वाचावी लागतात.

पुन्हा गुण दिले. आता जवळजवळ सगळ्यांचे नऊपैकी सहा किंवा सात आले. वाद उरला तो फक्त आशयाच्या दोन-तीनवर. तो वाद मला चालणार होता, कारण आता तो कशावर आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

"मॅडम, मंग हे आकारिक झालं का संकलित?" तीन देणारीनं विचारलं.

"सत्राच्या शेवटी बेरीज करून नोंदवलंस तर संकलित. पण हाच तक्ता लिहिण्याआधी मुलांच्या हातात दे. कच्चा निबंध झाला की बेरीज करू नकोस; कोणत्या ओळीत कुठं आहे ते दाखव आणि पुढची एकच पायरी सांग."

"हिला काय सांगायचं?"

मी फळ्याकडे वळले. "तपशिलात तू सगळ्यात वरती आहेस. आता वाक्य संपलं की थांब, पूर्णविराम दे. एवढंच."

एवढंच सांगायचं होतं मला तेव्हा, आणि तिला भेटता आलं नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, "ती आता कुठं हाय मॅडम?" मी म्हटलं, माहीत नाही.

त्यानंतर प्रशिक्षणार्थ्यांच्या सराव पाठांसाठी त्याच तालुक्यात गेले, तेव्हा वाट वाकडी करून माझ्या जुन्या शाळेच्या गावात थांबले. चहाच्या टपरीवर त्या मुलीचं विचारलं, तर तिथंच तिची चुलती भेटली. तिनं मोबाइलवर पुतणीचा नंबर लावून दिला. पलीकडे वाहनांचा आवाज होता, आणि एक बाई घाईत बोलत होती.

मी ओळख दिली. निबंधाचं सांगितलं. करडू, पूल, सगळं.

"न्हाई आठवत बाई," ती म्हणाली. "करडं लई विकली आम्ही." मग म्हणाली, "पण तुमी खाली सतरंजीवर बसायच्या आमच्यात, ते आठवतं. पहिलीलाबी तुमीच होत्या, पाटीवर माझा हात धरून ळ काढून घेतल्ता. माझ्या पोरीला मी तसाच शिकवला."

"बरी आहेस ना?" एवढं विचारलं. "बरी हाय," ती म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

तिथून शाळेकडे गेले, तेव्हा शाळा सुटायची वेळ होती. मी मैदानाच्या कडेला उभी राहिले. माझ्या वर्गाच्या खोलीत आता बाक आले आहेत. दुसऱ्याच कुणीतरी बाई आत हजेरीपट आवरत होत्या. त्यांना सांगून आत जावं, एकदा जमिनीवर बसावं, असं फार वाटलं. पण काय कारण सांगणार? सराव पाठांवरून परतणारी आमची गाडी येऊन थांबली आणि माझे प्रशिक्षणार्थी हाका मारू लागले.