हक्कसोडपत्रातलं एक वाक्य

आई गेली तेव्हा तिने मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तिची उजवी बाजू गेलेली होती, बोलणं अर्धवट होतं, पण डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, त्यामुळे करता आलं असतं. आम्हीच विषय काढला नाही. अंथरुणावरच्या माणसाला ‘घराचं काय करायचं’ असं विचारणं म्हणजे ‘तू कधी जाणार’ असं विचारणं, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं.

डोंबिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर होता. ती पोस्टात होती, तिने कर्ज काढून घेतलेला. बाबा आधीच गेले होते. मागे राहिलो आम्ही तिघं: ठाण्याला राहणारा दादा, लग्न होऊन आंबिवलीला गेलेली ताई, आणि मी. आई पडली तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. घरून करता येईल असं काम शोधलं आणि पुढची कित्येक वर्षं लॅपटॉप आणि आईची कॉट यांच्यामधल्या जागेत काढली.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, मंडळी जमली. भंतेजी गेले, जेवणं झाली आणि विठ्ठलवाडीचे मामा, आईचे धाकटे भाऊ, खुर्ची ओढून बसले.

“आता एक बोलतो,” ते म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका कोणी. हे घर छोटीचं. तिने केलंय आईचं. सोसायटीत नॉमिनीपण तीच आहे.”

दादा लगेच म्हणाला, “मला काही प्रॉब्लेम नाही.” ताई भांडी आवरत होती. तिने ताटं एकात एक घालत घालत म्हटलं, “बघू.”

मला हे घर हवं होतं. हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही, पण दुसरा काही विचारही माझ्या डोक्यात नव्हता. माझं लग्न ठरलेलं नव्हतं, ठरवायची घाईही नव्हती. घर विकून तीन वाटे केले असते तर माझ्या वाट्यात डोंबिवलीत एक खोलीही आली नसती. आणि खरं सांगायचं तर मामांचं म्हणणं मला अगदी योग्य वाटत होतं. मी केलं, म्हणून माझं. यात अवघड काय आहे?

सोसायटीच्या सेक्रेटरींनाही तसंच वाटत होतं. “नॉमिनी म्हणजे मालकच गं, एक अर्ज टाक,” ते म्हणाले. तरी मी सगळे कागद घेऊन कल्याणला कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले. सोबत मामा आले, कारण मी अनोळखी माणसांसमोर फार बोलत नाही हे त्यांना माहीत आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. भांडणाच्या वेळी मराठी शब्द मला थोडे उशिरा सुचतात, तोपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

वकीलबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी कागद पाहिले आणि पहिल्यांदा नॉमिनीचं निकालात काढलं.

“नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा ते नाव. सोसायटी तुला तात्पुरतं सभासद करून घेईल. मालकी वारसांची. मृत्युपत्र नाही म्हणताय, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने तिघं मुलं, तिघांना सारखा वाटा.”

मामा खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, पण आपण बौद्ध. आपल्याला हिंदूंचा कायदा कसा काय?”

“या कायद्यासाठी बौद्ध, जैन, शीख सगळे त्यातच धरलेत, मामा.”

“म्हणजे धर्म बदलला तरी वाटणी तीच?”

“वाटणी तीच.”

“बरं, असू दे. पण हिने आईची सेवा केली त्याचं काय? हगणंमुतणं काढलंय पोरीने.”

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

“त्याला कायद्यात रकाना नाही,” वकीलबाई म्हणाल्या. स्वर कोरडा होता, पण वाईट नव्हता. “कोणी किती केलं यावर वाटा वाढत नाही. कोणी अजिबात केलं नाही म्हणून कमीही होत नाही. मुलगा असो, मुलगी असो, लग्न झालेली असो, नसो. आईने लिहून ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. आता हिला जास्त मिळायचं असेल तर एकच रस्ता आहे. भावाने आणि बहिणीने स्वतःच्या मर्जीने आपला हक्क हिच्या नावे सोडायचा. हक्कसोडपत्र. रजिस्टर करायचं, तोंडी चालत नाही.”

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, “हा काय कायदा आहे? झोपलेल्याला आणि राबलेल्याला सारखंच?” मलाही राग आला होता. मी तो रिक्षा मिळेपर्यंत तोंड बंद ठेवून गिळला.

दादाने फोनवर होकार दिला. वकीलबाईंनी मसुदा करून पाठवला. त्यात एक वाक्य होतं: ‘मयताच्या आजारपणात सदर मुलीनेच त्यांची संपूर्ण सेवाशुश्रूषा केलेली असल्याने आम्ही आमचा अविभक्त हिस्सा तिचे लाभात सोडून देत आहोत.’ हे वाक्य मामांच्या आग्रहाने आलेलं. वाचून मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. कुठेतरी लिहिलं गेलं, असं वाटलं.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले. ताईने मसुदा वाचला, घडी घातली आणि टीपॉयवर ठेवला.

“मी सही करणार नाही.”

“का गं?” मामा म्हणाले. “तुला काय कमी आहे आंबिवलीला?”

“कमी-जास्तीचं बोलू नका मामा. ‘तिनेच’ लिहिलंय यात. ‘संपूर्ण.’ मग मी काय करत होते? दर गुरुवारी डबा घेऊन कोण येत होतं? आईला पहिला अटॅक आला तेव्हा हॉस्पिटलमध्ये कोण राहिलं?”

“आठवड्यातून एकदा येणं आणि रोजचं…” मामा म्हणायला लागले.

“औषधांचं बिल मी भरलंय,” दादा मध्येच म्हणाला. “ते कुठे लिहिलंय? मी नाही म्हणत नाहीये. फक्त सांगतोय.”

“हा बघा, हापण आला,” ताई म्हणाली.

मग वहिनीला आठवलं की फिजिओथेरपीवाला तिने शोधला होता. पाहता पाहता प्रत्येकाच्या हातात आईचा एकेक तुकडा आला. मामा माझ्याकडे वळले.

“छोटे, तू बोल की. सांग हिला तू काय काय केलंस. रात्रीबेरात्रीचं, शेवटच्या महिन्यातलं. पाठीला जखमा झालेल्या ते सांग. ऐकू दे सगळ्यांना.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगण्यासारखं खूप होतं. मला तेव्हा शब्दही सुचत होते, नेहमीसारखा उशीर होत नव्हता. पण आई अंगाचं काही करायचं असलं की डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवायची. दार लाव. घरात दुसरं कोणी नसलं तरी. आणि मामा मला ते दार सगळ्या हॉलसमोर उघडायला सांगत होते, एका वाट्यासाठी.

वकीलबाईंचं ‘रकाना नाही’ मला त्या क्षणी वेगळं ऐकू आलं. रकाना असता तर तो भरावा लागला असता. मी जखमा सांगितल्या असत्या, ताईने गुरुवार मोजले असते, दादाने बिलं काढली असती आणि कोणीतरी परक्याने ठरवलं असतं की आई कोणाची किती. त्यापेक्षा तीन सारखे वाटे कितीतरी स्वच्छ होते.

“नाही सांगणार,” मी म्हणाले. “ते आईचं आहे.”

मी मसुदा उचलला, पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं.

“ताई, मी केलं म्हणून मला घर नको. तिसरा वाटा माझा आहे, तो आहेच, तो कोणी दिलेला नाही. बाकीचे दोन मी मागतेय. मला इथे राहायचंय. तू तुझा वाटा फुकट सोडू नकोस. मला वीक. मी कर्ज काढीन.”

एवढं सलग मी घरच्यांसमोर कधी बोलले नव्हते. वहिनीने पंखा वाढवला, काही कारण नसताना.

ताईने मसुदा स्वतःकडे ओढून खोडलेली ओळ पाहिली. मग म्हणाली, “भाव बाजाराचा लावणार मी. बहीण म्हणून कमी नाही करणार.”

“नको करूस.”

“आणि पैसे द्यायला उशीर झाला तर घरी येऊन बसेन.”

“येतेसच ना दर गुरुवारी.”

“गधडी,” ताई म्हणाली, आणि पहिल्यांदा चहा कोण टाकणार याची चौकशी झाली.

वकीलबाईंनी मग दोन वेगळे दस्त केले. दादाने आपला वाटा काही न घेता माझ्या नावे सोडला. ताईचा दस्त मोबदला घेऊन केलेला होता, म्हणून त्यावर खरेदीसारखं मुद्रांक शुल्क पडलं. मामांना ते फारच खुपलं. “तेच वाक्य ठेवून फुकटात सही केली असती तर सरकारला गेलेले एवढे पैसे वाचले असते,” ते म्हणाले. वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “वाचले असते. पण सही झाली नसती ना, मामा.” दोन्ही दस्तांत आईच्या आजारपणाचा उल्लेख नव्हता. ती कधी वारली आणि मागे कोण वारस, एवढंच.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अर्धा दिवस गेला. टोकन, फोटो, अंगठे. कॉम्प्युटरवरच्या मुलीने ताईला विचारलं, “स्वखुशीने करताय ना?” ताई म्हणाली, “पैसे घेऊन करतेय, खुशी असणारच.” ती मुलगी हसली, दादा हसला, मामांनाही शेवटी हसावं लागलं.

दस्त हातात आल्यावर दादा आणि मामा पुढे निघाले. आम्ही दोघी जिन्याजवळच्या बाकावर बसलो, ताईच्या चपलेचा पट्टा निघाला होता म्हणून. ती वाकून तो बसवत होती. वर न बघताच तिने विचारलं, “पाठीच्या जखमा खूप मोठ्या होत्या का गं?”

आता त्या उत्तरावर काहीच अवलंबून नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं, ऐकणारं कोणी नव्हतं. मी तिच्याजवळ सरकले आणि सुरुवातीपासून सांगायला लागले.