आप्पांची कानडी

आप्पा बोलायच्या आधी तोंडापुढे तळहात धरत. कुणाला वाटावं, जांभई आली असेल. पण ते स्वतःचा श्वास तपासत असत. सकाळी आमच्या परसात विहिरीपाशी उभे राहून ते हळूच म्हणत, "भाकरी. धोतर. खटला." हाताला वारा लागला तर शब्द बरोबर, नाही लागला तर तो "बाकरी" झाला. मी आत चूल पेटवत असे. त्यांचं ते पुन्हा पुन्हा म्हणणं कानावर आलं की माझा जीव उगाच वरखाली होई.

लढाईचे दिवस होते, रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं. सांगलीत आमची दोन खोल्यांची जागा होती आणि पुढची पडवी आप्पांना भाड्याने दिली होती. ते खाली कानडी मुलखातले. बायको, आई तिकडेच. आमचे मालक ज्या कचेरीत पट्टेवाले होते, तिथेच आप्पा हंगामी कारकून म्हणून लागले होते. कायम झाले की माणसं इकडे आणणार होते. जेवायला आमच्याकडेच असत. मला अक्का म्हणत.

"अक्का, आमटी लय चांगला जालाय बगा," असं म्हणत आणि लगेच जीभ चावत. मी हसत नसे. मला कशाचं हसू येणार? मी लोणंदकडच्या खेड्यातून आलेली, चौथीपर्यंत शिकलेली. सांगलीच्या आळीत मी "हाय", "न्हाई" म्हटलं की शेजारणी एकमेकींकडे बघत. तेव्हापासून मी नळावर तोंड मिटूनच पाणी भरत असे.

कचेरीतल्या गोष्टी मालक जेवताना सांगत. थोरले कारकून म्हणत, "आप्पा, तो अर्ज मोठ्याने वाचा बरं. जरा करमणूक होऊ दे." आप्पा वाचू लागले की कुणी खोकत, कुणी मध्येच म्हणत, "काय, काय? पुन्हा म्हणा." मग पुन्हा तेच. शेवटी पाठीवर थाप, "राग मानू नका हं आप्पा, गंमत हो!" राग मानला तर माणूस कोत्या मनाचा ठरतो. म्हणून आप्पाही हसत. सगळ्यांत आधी तेच हसत, असं मालक सांगत.

मालक त्यांची नक्कल छान करीत. आप्पा पडवीत आहेत हे विसरून करीत. मी एकदा म्हटलं, "आवं, तुमाला बी हसायची ना ती माणसं? 'हाय रं, न्हाई रं' करून?"

मालक घास चावत म्हणाले, "हसायची की. आता न्हाई हसत."

"का न्हाई?"

"आप्पा आल्यात न्हवं."

त्यांनी ते सहज म्हटलं. मला मात्र त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

हळूहळू आप्पांचे शब्द कमी होत गेले. ज्या शब्दाला भ, ध, घ लागतो तो ते टाळत. भाकरीला जेवण म्हणत, घराला मुक्काम म्हणत, धाकट्याला लहान. शब्द सापडला नाही की वाक्यच सोडून देत. गावाकडून त्यांचा चुलतभाऊ आला, तर त्याला दारातच खुणेने गप्प केलं आणि नदीकडे फिरायला नेलं. तिकडे कुणी ऐकणारं नव्हतं म्हणे. एवढे मोठे दोन बाप्ये, आईची भाषा बोलायला घाटावर जाऊन बसले.

आणि मग सुनावणीच्या तारखेचा तो दिवस आला.

त्या दिवशी खालच्या मुलखातला एक म्हातारा कचेरीत आला होता. शेजाऱ्याने त्याच्या शेतात जायची गाडीवाट बंद केली होती, त्याचा अर्ज होता. वाट मिळाली नाही तर उभं पीक घरी आणायचं कुठून? त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ओसरीवर आप्पा दिसले. कपाळाच्या विभूतीवरून त्याने आपला माणूस ओळखला आणि कानडीत विचारलं, "नन पाळी यावाग बरतैत्री?" माझी पाळी कधी येणार, एवढंच.

थोरले कारकून दारातून म्हणाले, "काय आप्पा, काय म्हणतोय तुमचा पाहुणा?"

आप्पा म्हणाले, "मला कळत नाही. कानडी येत नाही मला."

म्हाताऱ्याने हात जोडले आणि तो आवाराबाहेर लिंबाखाली जाऊन बसला. तारखेला हाकेच्या अंतरात बसावं लागतं, हे त्याला कोण सांगणार? मामलेदार रावसाहेबांपुढे त्याचा कागद निघाला. ओसरीवरून तीन वेळा पुकारा करायचा, कुणी आलं नाही तर अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज काढून टाकायचा, अशी रीत. पुकारा आमच्या मालकांनीच केला. कुणी आलं नाही. अर्ज गेला.

संध्याकाळी मालक हसत घरी आले. "ऐकलंस का? कानड्याला कानडी येत न्हाई म्हणं!"

आप्पा पानावर बसले होते. ते उठले, हात धुतला आणि पडवीत जाऊन येरझाऱ्या घालू लागले. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. मालकांचं हसू विरलं. मी भांडी घासायला घेतली, तर तेच भांडं परत परत घासत होते.

सकाळी विहिरीपाशी काही ऐकू आलं नाही. आप्पा न जेवताच कचेरीत गेले होते.

पुढचं मालकांनी सांगितलं, पण या खेपेला नक्कल न करता. म्हातारा आपल्या गावी परतला नव्हता, लिंबाखालीच होता. आप्पांनी त्याला हाताला धरून रावसाहेबांपुढे उभं केलं. दारात सगळे कारकून जमले. आप्पांनी तोंडापुढे हात धरला नाही.

"रावसाब, हा माणूस काल हजर होता. माज्याकडं आला, पाळी विचारला. मी कानडी येत नाही मनून सांगितलो. खोटं सांगितलो."

"तुम्हाला कानडी येतं?"

"माज्या आईची बाषा हाय, साब."

दारात कुणीतरी फस्सकन हसलं. आप्पा तिकडे वळले, थांबले, आणि परत सगळं पहिल्यापासून बोलले, हसणाऱ्यालाही नीट ऐकू जाईल असं.

रावसाहेब म्हणाले, गैरहजेरीला पुरेसं कारण असेल तर अर्ज पुन्हा घेता येईल, पण कारण लेखी पाहिजे. थोरले कारकून आप्पांच्या कानाशी म्हणाले, "वेड्यासारखं करू नका. म्हातारा आजारी होता असं लिहा. तुम्हाला कायम करायचा कागद रावसाहेबांच्याच टेबलावर आहे." आप्पांनी खरं तेच लिहिलं आणि खाली सही केली.

म्हाताऱ्याला नवी तारीख मिळाली, आणि पुढे वाटही मिळाली. आप्पा कायम झाले नाहीत. हसणंही थांबलं नाही, उलट वाढलं. पण नेमणूक संपेपर्यंत आप्पा ओसरीवर उभे राहून खालच्या मुलखातून आलेल्या माणसांशी खणखणीत कानडीत बोलत. परसात श्वास तपासणं त्यांनी सोडून दिलं.

जाताना त्यांनी वळकटी टांग्यात ठेवली आणि म्हणाले, "येतो अक्का. तुमच्या गराला माजं गर समजून राहिलो."

मी उंबऱ्यातून म्हटलं, "परत या, आप्पा. माणसास्नी घिऊन या. जागा तुमचीच हाय." समोरच्या शेजारणी ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं.

त्यानंतर आलेल्या एका तारखेला मालक उशिरा घरी आले आणि हातपाय न धुताच पाटावर बसले.

मी विचारलं, "काय झालं?"

"आज माझी लय टर उडवली कचेरीत."

"कशापायी?"

"पुकारा करून कुणी येईना. मग गेलो लिंबाखाली, आन् आप्पा बोलायचे तसं वरडलो, पाळी बंत्री, पाळी बंत्री! पाळी आली म्हणून. समदी ओसरी हसली. कानडाप्पा दुसरा, म्हणं."

"मग?"

मालकांनी आमटीत भाकरी कुस्करली. "मग काय? एक म्हातारी उठून आली की."