दाजींचा डिव्हिडंड

माझ्या दाजींना शेअर बाजारातलं सगळं कळतं. हे मला त्यांनीच सांगितलं. गेली बावीस वर्षं मी गुलमंडीजवळच्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात ऑर्डर टाकायचं काम करतो, पण दाजींना बाजार समजावून सांगायला दोन वर्षं त्यांच्या गावच्या, शेंद्र्याच्या चहाच्या हॉटेलात बसलेली माणसं पुरली. तिथं एक 'सर' आहेत. ते कसले सर, कुठं शिकवायचे, कुणाला ठाऊक नाही. ते मोबाइलवर ग्रुप चालवतात आणि रोज सकाळी त्यात उगवत्या सूर्याच्या चित्राखाली एका शेअरचं नाव टाकतात.

दाजींची चार एकर जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मोबदला आला आणि त्या दिवसापासून त्यांच्या अंगावरचे कपडे पांढरे झाले. उरलेली जमीन ताई बघते. दाजी हॉटेलात बसून देशाची अर्थव्यवस्था बघतात.

आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्यापुढं मेव्हण्यानं शहाणपण करायचं नसतं. दाजी आले की बूट काढायला पाट द्यायचा, जेवताना दुसऱ्यांदा आग्रह करायचा आणि दाजी म्हणतील त्याला 'व्हय' म्हणायचं. दाजींनीही मेव्हण्याला काही विचारायचं नसतं. विचारलं तर कमीपणा. म्हणून दाजींनी खातं माझ्याकडं उघडलं, कारण घरच्या माणसाकडून दलाली कमी पडते, पण सल्ला घेतला तो सूर्यवाल्या सरांचा. ऑर्डर द्यायला ते ऑफिसात फोन करायचे आणि सुरुवात ठरलेली असायची: "पाव्हणं, लिहून घ्या."

आमच्या साहेबांचीही एक खोड आहे. एखादी कंपनी मोठा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, देणार असली की ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर लाल अक्षरात 'आज शेवटचा दिवस' असं लिहायचं. कापडाच्या सेलसारखं. मग दिवसभर फोन. साहेबांना घेणाऱ्याचीही दलाली मिळते आणि दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याचीही, त्यामुळं फळा लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर फार समाधान असतं.

तो सोमवार तसलाच होता. आठशे रुपयांचा शेअर, आणि कंपनीनं प्रत्येक शेअरमागं चाळीस रुपये जाहीर केलेले. रेकॉर्ड डेट मंगळवार. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी ज्याच्या खात्यात शेअर असेल, त्याचं नाव यादीत, आणि चाळीस रुपये त्याचे. आज घेतलेला शेअर उद्या खात्यात येतो, म्हणून यादीत नाव लागायचं तर सोमवारीच घ्यायला हवा. मंगळवारी घेणाऱ्याच्या खात्यात तो बुधवारी येणार, तेव्हा यादी बंद झालेली. एवढं साधं आहे. पण बावीस वर्षांत मी पाहिलंय, लोक इथपर्यंतच ऐकतात. 'सोमवारी घ्यायचा, चाळीस रुपये पक्के, मंगळवारी विकायचा', बस. पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबत नाही.

पुढचं वाक्य असं, की मंगळवारी सकाळी तो शेअर आठशेला कुणी कशाला घेईल? त्याला ते चाळीस मिळणारच नाहीत. तेवढे पैसे कंपनीच्या तिजोरीतून जाणार म्हणजे जाणारच. तो सातशेसाठच्या आसपासच बोली लावणार. बाजार त्या दिवशी वर किंवा खाली झाला तर दोन-चार रुपये इकडं तिकडं, पण मूळ हिशेब हाच.

माझं आणि ताईचं गाव पाचोड. आमच्याकडं मोसंबीच्या बागा. झाडावर फळ आहे तेव्हाचा बागेचा भाव वेगळा आणि तोड झाल्यावरचा वेगळा, हे पाचोडच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. दाजींनी स्वतः दोनदा बागा घेतल्यात आणि फळावरून भावात पाचशे रुपयेही सोडले नव्हते. तोच माणूस मोबाइल हातात घेतला की फळ खाऊन बाग पुन्हा त्याच भावात विकायला निघतो. अशा माणसाला काय समजवायचं?

दुपारी फोन आला. "पाव्हणं, लिहून घ्या. पाचशे शेअर." चार लाखांची ऑर्डर. मी म्हणालो, "दाजी, उद्या भाव पडंल बरं का." ते हसले. "तुमचं काम ऑर्डर टाकायचं हाय. अक्कल आमची आम्ही लावतो. सरांनी सगळं सांगितलंय. एका दिवसात वीस हजार."

मी ऑर्डर टाकली. खरं सांगायचं तर मजा वाटली. एक दिवस तरी पांढऱ्या कपड्यांवर चिखल उडू दे, असं मनात आलं. ते पैसे कुठले, हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं.

मंगळवारी बाजार उघडला आणि शेअर सातशे बासष्टला लागला. पडद्यावर लालभडक, जवळजवळ पाच टक्के खाली, कारण पडदा कालच्या बंद भावाशीच तुलना करतो, डिव्हिडंडचं त्याला काही नसतं. सव्वानऊलाच दाजींचा फोन. "अहो, कंपनी बुडाली का काय?"

"बुडाली नाय दाजी. डिव्हिडंड निघाला त्यातून."

"पण डिव्हिडंड तर मला मिळणार हाय! मग भाव का पाडला?"

यानं पाडला म्हणून बोट दाखवावं असा कुणी माणूस नव्हता. मी म्हणालो, आता विकलात तरी चाळीस मिळतील, नाव यादीत राहतंय. पण ते चाळीस आज मिळणार नाहीत, कंपनी महिन्याभरात बँकेत पाठवेल, आणि रक्कम मोठी असल्यानं दहा टक्के कर कापून. मग त्यांनी सरांना विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला. सरांनी सांगितलं, थांबा, उसळी येईल. दुपारी पुन्हा फोन, आता तर भाव स्वस्त आहे, आज रेकॉर्ड डेटच आहे ना, अजून दोनशे घेऊ का? यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. एवढंच, की घेतले नाहीत.

उसळी आली नाही. बुधवारी भाव सातशे अठ्ठावन्न, आणि अकराच्या सुमारास ताईचा फोन. ती कधी ऑफिसच्या वेळेत फोन करत नाही.

"तू काय केलंस रे हे? पोरीच्या फीचे पैसे होते ते. शुक्रवारी पाचच्या आत भरायचेत. नाय भरले तर शीट दुसरीला जाईल."

माझ्या भाचीला शहरातल्या फिजिओथेरपीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ताईनं दोन वर्षं कापूस विकून चार लाख साठवले होते आणि दाजींच्या खात्यात ठेवले होते, कारण खातं त्यांचंच. शेंद्र्याच्या हॉटेलातल्या शहाण्यानं ते पैसे दोन दिवस 'फिरवून आणतो' म्हणून उचलले. वर्षभर मुलगी अभ्यास करते, आई राबते, आणि बाप सूर्याचं चित्र बघून डाव लावतो. मला इतका संताप आला की समोरच्या गिऱ्हाइकाचा फोन मी तसाच ठेवून दिला.

त्याच मिनिटाला सगळे शेअर विकले. पैसे शुक्रवारी सकाळी बँकेत पोचले, दलाली आणि कर जाऊन बावीस हजार कमी. ते मी भरले. भाचीसोबत कॉलेजात जाऊन, रांगेत उभं राहून, साडेतीनला पावती घेतली. तिनं पावतीचा फोटो आईला पाठवला.

रविवारी शेंद्र्याला जेवायला गेलो. वाटलं, दाजी जरा मान खाली घालतील. पण ते आपल्या भावाला मोठ्यानं सांगत होते, "पाव्हण्यानं घ्यायला लावलं. त्यांच्याच ऑफिसात फळ्यावर लिहिलं होतं. आपण विश्वास ठेवला." मेव्हण्यानं दाजींना चारचौघांत खोटं पाडायचं नसतं. मी भाजी वाढून घेतली. ताई माझ्याकडं बघत होती, आणि मला तिच्या नजरेत स्पष्ट दिसलं की तिला कुणाचं खरं मानावं ते कळत नाही.

महिन्याभरानं दाजींच्या बँकेत अठरा हजार आले. त्यांनी त्या मेसेजचा फोटो ग्रुपवर टाकला. सरांनी अंगठा दाखवला. माझे बावीस कुणाच्या लक्षातही नव्हते. बरं झालं, मला ते परत नकोच होते. मला फक्त ताईनं खरं ऐकावं असं वाटत होतं.

आणि ते ऐकवता येत होतं. आमच्या फोनवर दिलेली प्रत्येक ऑर्डर रेकॉर्ड होते, नियमच आहे. 'तुमचं काम ऑर्डर टाकायचं हाय' हे दाजींच्याच आवाजात ऐकलं की झालं. मी ताईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आण बाबा. माझं डोकं तरी शांत व्हईल." दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेल्यावर मी सोमवारचं रेकॉर्डिंग काढलं आणि कानाला लावलं.

भाव पडेल, हे मी म्हणालो होतो. अकलेचं वाक्यही होतं. वीस हजारही होते. मग हॉटेलातल्या कपबशांचा आवाज. आणि मग दाजी, खालच्या आवाजात, असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता:

"पण काय व्हो पाव्हणं, पोरीच्या फीचे हायेत. शुक्रवारी भरायचेत. अडकणार तर नाय ना?"

मेव्हण्याला विचारलं होतं. सगळा कमीपणा गिळून, हॉटेलातल्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात, विचारलं होतं.

आणि त्यावर माझा आवाज, हसरा, गोड: "तुम्हाला मी काय सांगणार दाजी? तुम्ही जाणकार माणूस. पाचशे, आठशेच्या भावानं. टाकू?"

"टाका मंग," दाजी म्हणाले.

मी ते तीनदा ऐकलं. प्रत्येक वेळी ते तसंच होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "सापडलं का रे रेकॉर्डिंग?"

"नाय सापडलं," मी म्हणालो.