नवऱ्याचा पहिला रिपोर्ट

लग्नानंतर चार वर्षं तपासण्या फक्त माझ्याच झाल्या. मग कल्याणच्या नव्या डॉक्टरांनी नवऱ्याची वीर्यतपासणी करायला लावली. रिपोर्टात 'नॉर्मल आकार चार टक्के' वाचून तो पांढराफटक पडला. "म्हणजे बाकीचे सगळे बिघडलेले?"

"चार टक्के पुरतात," डॉक्टर कंटाळून म्हणाल्या. "संख्याही चांगली आहे. पुढे सरकणारे शुक्राणू तेवढे कमी आहेत, निदान तीस टक्के हवेत. पण गेल्या महिन्यात डेंग्यू झालेला ना? तापाने असं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाही कमी आले, तर काळजी करा."

रिक्षात तो हळूच म्हणाला, "आईला सांगू नकोस हं."

माझे सगळे रिपोर्ट त्याच आईने मोहने गावातल्या मावशीला फोनवर वाचून दाखवलेले. हा तेव्हा शेजारीच चहा पीत बसलेला.