साडेचार ब्रास दगड आणि शेहेचाळीस खेपा

माझ्या अंगात हुशारी आहे असा माझा फार वर्षे समज होता. तो माझ्या आईने रुजवला, मास्तरांनी वाढवला आणि ठाण्याच्या बांधकाम कचेरीत कारकुनाची जागा मिळाली तेव्हा तर तो माझ्याआधी खुर्चीत जाऊन बसला. पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी मला झोपेत विचारली तरी येत. त्यात इंग्रजी शाळेतले अपूर्णांक शिकलेलो. अशा माणसाच्या हाती सरकारने तांबडी शाई द्यायला नको होती.

माझे काम असे की कंत्राटदारांची दरपत्रके तपासायची. कल्याण बंदराकडचे जुने कंत्राटदार मोडीत लिहीत आणि गजात मोजत. साहेबाला मात्र सगळे फुटात आणि ब्रासमध्ये लागे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. आमच्याकडचा गज सत्तावीस इंचांचा, म्हणजे सव्वादोन फूट. रुजू झाल्यावर महिन्याभरात मी सुंदर अक्षरात एक तक्ता लिहून माझ्या टेबलामागच्या भिंतीला लावला होता. त्यात पहिल्याच ओळीत होते, 'गजास सव्वादोनांनी गुणावे, फूट येतात.' तक्ता बरोबर होता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. चूक तक्त्यात नव्हती, तो लावणाऱ्यात होती.

त्या वर्षी डोंबिवलीच्या खाडीकाठचा एक मातीचा बांध पावसाळ्यात फुटला होता. चाळीस गजांचे खिंडार पडले होते. बांधाच्या आत भाताची शेते आणि बाहेर खारे पाणी. गावाने कशीबशी माती लोटून ते बुजवले, पण ती माती पुढच्या मोठ्या उधाणाला टिकणार नाही हे शेंबड्या पोरालाही दिसत होते. म्हणून तिथे दगडी भिंत मंजूर झाली. गावचा पाटील, आगरी, माझ्याहून दुप्पट वयाचा, चैत्रापासून दर चार-पाच दिवसांनी चालत ठाण्याला यायचा आणि माझ्या टेबलाशी उभा राहायचा.

"भाऊसायब, जेठातल्या अवसेचं उधान येयाच्या आत भित हुभी ऱ्हायला पायजे," तो म्हणायचा. "खारं पानी एकदा शेतात शिरलं ना, तर तीन वरसं भात नाय."

मी म्हणायचो, "कागद चालू आहेत, पाटील." कागद कुठे चालतात? माझ्या टेबलावर ते नेहमी बसलेलेच असत.

दरपत्रक एकच आले, कल्याण बंदरावरच्या एका म्हाताऱ्या दगडवाल्याचे. त्याने लिहिले होते: भिंत लांबी चाळीस गज, उंची चार गज, जाडी एक गज. दगड तेवीस ब्रास. होडीच्या खेपा शेहेचाळीस, दर खेपेस अर्धा ब्रास. बाकी चुना, वाळू, गवंडी वगैरे. एका पानात सगळे. मला ते पान बघूनच राग आला. इतके थोडके लिहिणारा माणूस काहीतरी लपवतो, असे माझे तेव्हा मत होते.

तपासणीला बसलो. चाळीस चोक एकशेसाठ, जाडी एक, म्हणजे एकशेसाठ घन गज. त्याला सव्वादोनांनी गुणले. तीनशेसाठ. तीनशेसाठ घनफूट म्हणजे तीन ब्रास आणि साठ फूट. आता ढिगातल्या दगडांत पोकळी असते आणि घडताना कपच्या निघतात, म्हणून भिंतीच्या सवाईने, म्हणजे सव्वापट, दगड धरावा, हा नियम मला ठाऊक होता. मी उदार मनाने सवाई धरली. साडेचार ब्रास झाले.

साडेचार! आणि हा गृहस्थ मागतो तेवीस!

मी गुणाकार पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. तिन्ही वेळा तीनशेसाठच आले. चुकीचा गुणाकार बरोबर करण्यात माझा हात कुणी धरला नसता. मग तांबडी शाई उघडली आणि 'दगड २३ ब्रास' यावर रेघ मारून '४॥' लिहिले. खाली शेरा मारला की कंत्राटदाराने पाचपटीने लबाडी केली असून त्याचे नाव यादीतून काढावे आणि नवी दरपत्रके मागवावीत. 'लबाडी' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या. एक पुरली असती.

बिनशेऱ्याचा कागद थेट मंजुरीला जाई, तांबड्या शेऱ्याचा मात्र आधी आमचे वरिष्ठ, ओव्हरसियर, यांच्याकडे; आणि ते तेव्हा फिरतीवर होते. कागद त्यांच्या टेबलावर वाट बघत पडला आणि मी मासुंदा तळ्याच्या काठावर रोज संध्याकाळी सरकारचा खजिना वाचवल्याची गोष्ट सांगत फिरलो. सहाव्या दिवशी त्या गोष्टीत मी दगडवाल्याला तोंडावर सुनावले, अशी भरही पडली होती. त्या मधल्या दिवसांत पाटील दोनदा येऊन गेला. त्याला मी सांगितले, "पाटील, तुमच्या भिंतीत चोर घुसला होता, मी धरला." तो बिचारा म्हणाला, "बरं केलंत. पन भित?" मी त्याला अडाणी समजलो.

अकराव्या दिवशी ओव्हरसियर आले. मूळचे पुण्याचे. रागावले की आवाज आणखी हळू व्हायचा. त्यांनी दगडवाल्याला बोलावून घेतले होते. तो ओहोटीबरोबर होडीने ठाण्याला आला, धोतर ओले, हातात पागोटे. शेरा त्याला कळला होता. बसा म्हटले तरी बसला नाही. मी माझ्या तक्त्याखाली उभा.

ओव्हरसियरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"दगड साडेचार ब्रास केलात तुम्ही?"

"होय. हिशेब मागे जोडलाय."

"आणि खालच्या ओळीतल्या खेपा?"

मी वाकून पाहिले. शेहेचाळीस खेपांना मी हातच लावला नव्हता. लबाडी धरण्याच्या भरात पुढची ओळ कोण वाचतो?

"म्हणजे साडेचारशे घनफूट दगड शेहेचाळीस होड्यांतून जाणार," ते म्हणाले. "होडीला दहा फूटही नाहीत. दगड होडीत ठेवायचा, की होडीवरच्या तांडेलाने मांडीवर घेऊन बसायचं?"

दगडवाला हसला नाही. ते मला अजून आठवते. दुसरा कुणी असता तर त्याने टाळी दिली असती. तो इतकेच म्हणाला, "अर्धा ब्रास बसतो होडीत, साहेब. जास्त भरली तर गाळात रुतते. म्हणून शेहेचाळीस."

"अर्ध्याच्या शेहेचाळीस म्हणजे तेवीस," ओव्हरसियर म्हणाले. "याच्या ओळी एकमेकींशी जुळतात. तुमच्या जुळत नाहीत. आता भिंत गजात मोजू नका. प्रत्येक बाजू आधी फुटात करा. आणि मोठ्याने."

मी मोठ्याने सुरू केले. "लांबी चाळीस गज, नव्वद फूट. उंची चार गज, नऊ फूट. जाडी एक गज, सव्वादोन फूट." इथपर्यंत आवाज चांगला होता. "नव्वद नवे आठशेदहा." इथे जरा खाली आला. "आठशेदहाला सव्वादोनांनी..." पुढे तो कुठे गेला मला माहीत नाही. अठराशे साडेबावीस घनफूट. अठरा ब्रासांहून जास्त. सवाई धरली की पावणेतेवीसच्या वर. त्याने तेवीस लिहिले होते.

भिंतीला लांबी, उंची आणि जाडी अशा तीन बाजू असतात. मी सव्वादोनांनी एकदाच गुणले होते, म्हणजे एकच बाजू फुटात आणली आणि उरलेल्या दोन गजातच सोडून दिल्या. एका घन गजात अकरा घनफुटांहून जास्त माल बसतो. माझ्या हिशेबात तिथे सव्वादोन बसत होते. एवढी साधी गोष्ट. ती ऐकून खोलीतला पंखेवाला देखील पंखा ओढायचा थांबला, किंवा मला तसे वाटले.

"शेरा खोडा," ओव्हरसियर म्हणाले. "त्याच शाईने."

मी खोडला. दोन रेघा मारलेला शब्द खोडायला फार शाई लागते. म्हातारा उभ्या उभ्या बघत होता. मला त्याची माफी मागायची होती आणि मी दौतीचे झाकण लावत बसलो. शेवटी त्यानेच विचारले, "मग नाव राहिलं ना माझं यादीत?" ओव्हरसियर हो म्हणाले, तेव्हा तो खाली बसला.

त्याच दिवशी मंजुरी गेली. म्हाताऱ्याने दोन टोळ्या लावल्या, भरतीला होड्या आणल्या, ओहोटीला भिंत चढवली. पण भरती-ओहोटीला तांबड्या शाईचे सोयरसुतक नसते. अवसेचे उधाण आले तेव्हा चाळीसांतले छत्तीस गज उभे होते. चार गज राहिले. तिथली माती वाहून गेली आणि पाणी तिथून आत शिरले. गावकऱ्यांनी आतल्या शेताच्या बांधावर पोती टाकून ते पुढे जाऊ दिले नाही. खिंडीसमोरचे एकच शेत गेले.

चार गज म्हणजे तीन दिवसांचे काम. माझ्या कागदाने अकरा खाल्ले होते. हा हिशेब मी पुष्कळ वेळा करून पाहिला आहे. तो मात्र कधी चुकला नाही.

त्यानंतर म्हातारा कधीही दरपत्रक पाठवी ते गजात आणि फुटात, दोन्हींत. फुटातले आकडे तो कुणाकडून तरी मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचा. ओव्हरसियरांनी विचारले तर म्हणाला, "भाऊसाहेबांना त्रास नको." कचेरीत हे वाक्य वर्षभर चालले. चहा सांडला तरी कुणीतरी म्हणे, भाऊसाहेबांना त्रास नको. मी तक्ता काढून टाकला. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन राहिला आणि लोक त्यालाही तक्ताच म्हणत.

हसणे मला सोसले. खरे सांगायचे तर पुढे मीच ती गोष्ट सांगून लोकांना हसवू लागलो, होड्यांतल्या मांडीवरच्या दगडांसकट. पण मी ती नेहमी 'अठराशे साडेबावीस' पाशी संपवायचो. पुढचे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

दिवाळीनंतर पाटील कचेरीत आला. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "भाऊसायब, तुमी चोर धरलात म्हनून भित झाली. गाव वाचलं. ह्ये तुमास्नी."

खरे काय घडले ते त्याला कुणी सांगितले नव्हते. मी सांगू शकत होतो. खोलीत दुसरे कुणी नव्हते.

"तुमच्या शेतातला का?" मी विचारले, काहीतरी बोलायचे म्हणून.

"नाय," तो म्हणाला. "माजं शेत खिंडीसमोरचं. खारं झालं. भावाकडनं आनलाय."

मी पिशवी घरी नेली. तांदूळ उत्तम होता. आम्ही तो महिनाभर खाल्ला.