फंडाची यादी आणि टाचणवह्यांची कव्हरं

फंडाचा वार्षिक अहवाल आमच्या घरी कोणी वाचत नसे. कागद मात्र त्याचा उत्तम, जाड आणि गुळगुळीत. मी हायस्कुलात गणित शिकवीत असे आणि दर जूनमध्ये माझ्या टाचणवह्यांना त्याचीच कव्हरं घालीत असे. इंग्रजी छपाईमुळे वह्यांना जरा वजन येई, जे मला स्वतःला कधी आलं नाही.

फंड म्हणजे मुंबईची एक कंपनी. पुष्कळांचे पैसे एकत्र करून सरकारी रोखे नि म्युनिसिपालट्यांचे कर्जरोखे घ्यायचे आणि आलेलं व्याज भागीदारांत वाटायचं. मॅनेजर आमच्या सोलापूरचाच, माझा वर्गमित्र. आमच्या ओसरीवर पोहे खाताना त्यानं सांगितलं होतं, "गिरणीच्या शेअरला मी शिवणार नाही. आक्कांना झोप लागली पाहिजे."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावर माढ्याची जमीन विकून ती आमच्याकडे राहायला आली. ते सगळे पैसे माझ्या शब्दावर तिनं फंडात घातले. त्यांच्या उत्पन्नातून ती स्वतःचा खर्च भागवी. भावजयीपुढे हात पसरायचा नाही, एवढाच तिचा हट्ट. माझेही थोडे शेअर होते, पण ते हौसेचे.

एका जूनमध्ये नवं कव्हर घालताना मागल्या वर्षीची वही शेजारी पडली होती. जुन्या कव्हरावर रोख्यांची यादी होती. नव्या कव्हरावर निम्म्याहून अधिक ओळी गिरण्यांच्या. त्यांत एक आमच्या गावची, जिचा भोंगा संपामुळे महिनाभर वाजला नव्हता. खाली मॅनेजर म्हणून सही भलत्याच माणसाची. आणि त्या वर्षी डिव्हिडंड थोडा वाढला म्हणून मी पावशेर जिलबी आणली होती.

मी फंडाचं जुनं माहितीपत्रक शोधलं आणि पेठेतल्या दलालाकडे गेलो. तो मूळचा दुधनीचा. रागावला की कानडीत जाई, पण त्या दिवशी मराठीतच राहिला. त्यानं माहितीपत्रकातल्या एका बारीक ओळीवर बोट ठेवलं: संचालकांना योग्य वाटतील अशा इतर गुंतवणुकी. म्हणजे कोर्टात जाऊन काही हाती लागणार नव्हतं.

"माणूस गेला एवढ्यावरनं विकू नका, मास्तर," तो म्हणाला. "नवा तेच चालवत असला तर बसा की निवांत. पन हितं मालच बदललाय. तुमी दुकान आज नव्यानं बघितलं असतं, तर आक्कांचा पैसा घातला असता का?"

मी नाही म्हटलं.

"मग उत्तर झालं की. पन आदी पत्र लिहून विचारा. ही चार दिवसांची गंमत हाय का कायमचं, ते कळू दे."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. धोरण विचारपूर्वक बदललं आहे, भागीदारांनी वाढलेला डिव्हिडंड पाहावा. कंपनी शेअर परत घेत नसे; बाजारात गिऱ्हाईक शोधावं लागे. भाव मिळाला तो फंडाकडच्या कागदांच्या किमतीहून कमीच. तरी आक्काचे सगळे विकले आणि सरकारी रोखे घेतले. मुद्दल जरा घटलं, व्याजही घटलं. तिनं दुपारचा चहा सोडला. तब्येतीला बरा नसतो म्हणाली.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत वर्गमित्र भेटला. अंगावर नवा कोट. त्यानं तिळगूळ दिला आणि मीही, शिक्षकाच्या जातीला शोभेल तसा, मुकाट्यानं खाल्ला. मग विचारलं, फंड सोडताना एक कार्ड का टाकलं नाहीस?

"संचालकांना गिरण्या हव्या होत्या, म्हणून तर मी सोडलं," तो म्हणाला. "माझे शेअर तेव्हाच विकले. तू अहवाल वाचतोस, तुला कळलं असेल असं वाटलं."

भाव तेव्हा चांगला होता. ओसरीवर पोहे खाऊन गेलेल्या माणसानं स्वतःपुरतं दार उघडलं होतं, आणि आमच्यासाठी ते नुसतं लोटून घेतलं होतं.

घरी येऊन मी आक्कापुढे त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. ती वाती वळत ऐकत होती. मग म्हणाली, "त्यानं सांगितलं नाही, खरंच. पण तू दरवर्षी वाचत होतास ना?"

मी हो म्हटलं. तिनं माझ्या टाचणवह्यांकडे पाहिलं आणि पुन्हा वाती वळायला लागली.

माझे शेअर मी दुसऱ्याच दिवशी विकले. पुढच्या जूनमध्ये फंडाच्या यादीत माझं नाव चुकून राहिल्यानं पोस्टमननं आणखी एक अहवाल टाकला. मी कात्री घेतली तशी आक्का समोर पाट मांडून बसली.

"आधी वाचून दाखव," ती म्हणाली. "सगळ्या ओळी. मग काप."